ग्रामसभेत घरकुलाच्या साहेबांची ओळख करून द्यायचीये? मग आधी एवढी तयारी करा

सरपंचांनी सांगितलं की येत्या ग्रामसभेला पंचायत समितीतून घरकुलाचं काम बघणारे विस्तार अधिकारी येणार आहेत, तुम्ही त्यांची ओळख करून द्या, की बहुतेक जण काय करतात तर साहेबांचं नाव, हुद्दा, शिक्षण विचारून घेतात आणि चार छान वाक्यं लिहून काढतात. पण तुमच्या सभेत जी आजी मागच्या रांगेत पदर सावरून बसलेली असते तिला साहेबांच्या पदवीचं काही नसतं, तिला फक्त कळायला हवं की हा माणूस कोण, याच्या हातात काय आहे आणि काय नाही. हे तीन कळले की ती योग्य प्रश्न विचारते, नाहीतर वाळूपासून रेशनपर्यंत सगळं त्या एका माणसाला विचारलं जातं, तो "माझ्याकडे येत नाही" म्हणत राहतो आणि तासाभरात सभा तापते. म्हणून खाली लिहिलेली सगळी तयारी त्या तीन गोष्टींसाठीच आहे.

सगळ्यात आधी साहेबांना फोन करा, सभेच्या आठवडाभर आधी तरी. नाव कसं उच्चारायचं ते त्यांच्याच तोंडून ऐकून घ्या, हुद्दा नीट विचारा, कारण विस्तार अधिकारी वेगळे आणि ग्रामीण गृहनिर्माण अभियंता वेगळे. अभियंता घराच्या टप्प्यांची पाहणी करतात, जिओ टॅगचे फोटो बघतात, आणि गावात बरेचदा दोघांनाही नुसतं "घरकुलवाले साहेब" म्हणतात. दोघं येणार असतील तर दोघांची ओळख वेगवेगळी करायची, एका दमात नाही. मग विचारा की साहेब, तुमच्याकडे फक्त प्रधानमंत्री आवास आहे का रमाई, शबरी, मोदी आवास पण आहे. हा प्रश्न फार कामाचा आहे, कारण रमाईचे पैसे समाजकल्याणकडून, शबरीचे आदिवासी विकासकडून, आणि लोकांच्या दृष्टीने सगळं घरकुलच. शेवटी विचारा की लोकांना तुम्हाला भेटायचं असेल तर ऑफिसला कोणत्या वारी यायचं आणि तुमचा नंबर सभेत सांगितला तर चालेल का. नाही म्हणाले तर नंबर सांगायचा नाही, ऑफिसचा वार आणि टेबल सांगायचं, तेवढं पुरतं.

याच फोनवर एक गोष्ट जरा हळू आवाजात पण स्पष्ट सांगून टाका. साहेब, ओळखीत मी एक वाक्य बोलणार आहे की घरकुलाच्या फोटोसाठी, हप्त्यासाठी, यादीसाठी कुणालाही एक रुपया द्यायचा नाही. हे आधी सांगितलं की साहेबांना ते त्यांच्यावरचा संशय वाटत नाही, उलट चांगले साहेब म्हणतात की बरं केलंत, मी पण तेच बोलतो. न सांगता एकदम माईकवर बोललात तर त्यांचा चेहरा उतरतो आणि पुढची अर्धी सभा वाकड्यात जाते.

आता यादी. ग्रामसेवक भाऊसाहेबांकडून (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावात अजून भाऊसाहेबच म्हणतात) गावाची घरकुलाची यादी घ्या. लोकांच्या तोंडी ती "ड यादी". खरं तर याद्या एकापेक्षा जास्त असतात, आधीची 2011 च्या सर्वेक्षणातून आली, मग 2018 च्या आवास प्लसची, आणि त्यानंतर 2024 च्या नव्या सर्वेक्षणाची भर. कोणती यादी सध्या चालू आहे ते भाऊसाहेबांकडून कागदावर घ्या, तोंडी नको. मग चार गठ्ठे करा. मंजूर झालेले, प्रतीक्षेत असलेले, अपात्र ठरलेले, आणि मंजूर होऊन मध्येच अडकलेले. साहेबांची ओळख करून देताना तुम्हाला हे आकडे लागणार आहेत, कारण "साहेब आपल्या गावासाठी काय करतात" याचं उत्तर या गठ्ठ्यांमध्येच आहे.

एक उदाहरण धरून चालू. समजा यादीत 62 नावं आहेत, त्यातली 18 मंजूर, 34 प्रतीक्षेत, 6 अपात्र, आणि 4 जणांचं घर अर्धवट उभं आहे, पैसे थांबलेत. या चौघांकडे सभेच्या आधी जाऊन या. हे काम साहेबांचं नाही, तुमचं आहे, आणि ते केलं तर साहेबांचा वेळ वाचतो. पहिल्याच्या घरी कळतं की पैसे आलेत पण दुसऱ्याच बँकेत, कारण अनुदान आधार ज्या खात्याला शेवटी जोडलं त्या खात्यात जातं, आपण फॉर्मवर कोणती बँक लिहिली त्याला तिथे महत्त्व नाही. मुलाने मध्ये कुठल्या तरी बँकेत खातं उघडून दिलेलं असतं आणि आधार तिकडे गेलेलं असतं. दुसऱ्याचं खातं व्यवहार नसल्याने बंद पडलंय. तिसऱ्याच्या आधारवर नाव एक, बँकेत दुसरं, आडनावाच्या स्पेलिंगचा फरक. आणि चौथ्याची जोत्यापर्यंतची भिंत उभी आहे पण त्या टप्प्याचा फोटोच अपलोड झालेला नाही, त्यामुळे पुढचा हप्ता सुटत नाही. आता बघा, या चौघांपैकी साहेबांच्या खात्याचं काम फक्त चौथ्याचं आहे, पहिल्या तिघांचं काम बँकेत. हे तुम्हाला आधीच माहीत असलं की ओळखीत तुम्ही सरळ सांगू शकता, "बँकेचं काम बँकेत, फोटोचं काम साहेबांकडे", आणि तिघं जण त्या सभेत उगाच साहेबांशी भांडत बसणार नाहीत.

अपात्र ठरलेल्या सहा जणांचं जरा वेगळं आहे, इथे मन दुखावलेलं असतं. त्यांना आपण का वगळलो गेलो हेच सांगितलेलं नसतं. गावात अजून चर्चा असते की घरात दुचाकी असली, फ्रिज असला की घरकुल गेलं. आधी तसे निकष होते हे खरं, पण 2024 मध्ये केंद्राने ते सैल केले, दुचाकी आणि फ्रिज त्यातून काढले आणि महिन्याच्या कमाईची मर्यादा 10 हजारावरून 15 हजार केली. चारचाकी, ट्रॅक्टरसारखी शेतीची मशिनरी, 50 हजार किंवा त्याहून जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड, घरात सरकारी नोकरी, आयकर भरणारं कुणी, अडीच एकर बागायत, पाच एकर कोरडवाहू, हे अजून आहेत. तर सहा जणांच्या नावापुढे कारण काय लिहिलंय ते भाऊसाहेबांकडून बघून घ्या. पण ते माईकवर वाचायचं नाही. कुणाची चारचाकी, कुणाचं क्रेडिट कार्ड हे गावासमोर काढायची जागा ग्रामसभेतली ओळख नाही, त्या माणसाला बाजूला घेऊन सांगा आणि साहेबांकडे सभेनंतर घेऊन जा.

सभेच्या नियमाच्या गोष्टी थोडक्यात, कारण त्या चुकल्या तर ओळख कितीही चांगली झाली तरी ठराव टिकत नाही. नोटीस सात दिवस आधी लागते, त्यात विषय म्हणून "घरकुल योजनेची माहिती व यादीवर चर्चा" असं स्पष्ट लिहून घ्या, "आयत्या वेळचे विषय" यात ढकलू नका. दवंडी द्या, ग्रुपवर मेसेज टाका, पण दवंडीच जास्त घरात पोचते. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला कमी असेल तो आकडा. माणसं मोजूनच ओळखीला उभे राहा, नाहीतर सभा तहकूब झाली की साहेबांची फेरी वाया.

आणि महिला सभा. ग्रामसभेच्या आधी ती घ्यायचीच असते, पण बऱ्याच ठिकाणी रजिस्टरवर सह्या घेऊन आटोपतात, तसं करू नका, इथेच खरे प्रश्न मिळतात. मोठ्या सभेत बाई उभी राहून विचारत नाही की घर नवऱ्याच्या नावावर का माझ्या नावावर, सासू वारली तर यादीतलं तिचं नाव कुणाला जातं, शौचालयाचे 12 हजार याच्यातच की वेगळे. महिला सभेत विचारते. अंगणवाडी ताईंना, बचत गटाच्या सीआरपी ताईंना सांगा, त्या प्रश्न गोळा करून देतात. सगळे प्रश्न एका कागदावर घ्या, एकसारखे एकत्र करा, पाच-सहाच ठेवा, आणि तो कागद साहेबांना आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर पाठवा. आधी प्रश्न मिळाले की साहेब यादी बघून, नावं तपासून येतात. अचानक विचारलं की "बघून सांगतो" हेच उत्तर येतं, त्यात त्यांचाही दोष नसतो.

साहेब बोलताना कोणते शब्द येणार ते तुम्हाला माहीत असतात, जिओ टॅग, एफटीओ, डीबीटी, पीडब्ल्यूएल, प्लिंथ. या शब्दांचं काय करायचं ते आधी ठरवा. जिओ टॅग म्हणजे घराचा असा फोटो ज्यात जागा कुठली ते मोबाईल आपोआप नोंदवतो, म्हणून दुसऱ्याचं घर दाखवून हप्ता घेता येत नाही. एफटीओ म्हणजे पैसे सोडायचा ऑर्डर, तो निघाला म्हणजे पैसे खात्यात आले असं नाही, वाटेत आहेत. डीबीटी म्हणजे मधे कुणी नाही, थेट खात्यात. पीडब्ल्यूएल म्हणजे प्रतीक्षेची यादी, नंबर लागायचाय. प्लिंथ म्हणजे आपला जोता. साहेबांना आधी सांगून ठेवा की तुम्ही शब्द बोललात की मी मधेच एका वाक्यात सोपं करून सांगेन, चालेल ना. बहुतेक जणांना ते आवडतं. पण प्रत्येक शब्दाला थांबवू नका, पैसा आणि फोटो याच्याशी जो शब्द लागतो तिथेच.

आकडे किती सांगायचे तर फार थोडे. सपाट भागात घराला 1 लाख 20 हजार, डोंगराळ आणि अवघड भागात 1 लाख 30 हजार, हे केंद्राच्या योजनेचं मूळ. त्यावर रोजगार हमीतून मजुरी वेगळी, शौचालयाचे 12 हजार वेगळे. राज्याने 2025 मध्ये वरून 50 हजार वाढवले, त्यातले 15 हजार सोलरसाठी. गावात मोबाईलवर वेगवेगळे आकडे फिरत असतात म्हणून लोकं म्हणतात एकाला जास्त मला कमी, खरं तर कुणी एकट्या घराचं अनुदान सांगतं तर कुणी सगळी बेरीज करून. तुमच्या तालुक्यात सध्या कोणता हप्ता किती आणि राज्याचे वाढीव पैसे कधीपासून, हे तुम्ही सांगू नका, साहेबांच्या तोंडून येऊ द्या, तुम्ही फक्त प्रश्न टाका.

आता प्रत्यक्ष ओळख. कागदावर लिहा पण वाचू नका, दोन-तीनदा घरी मोठ्याने बोलून बघा, तीन मिनिटांच्या वर गेली तर कापा. साधारण अशी असू द्या:

"रामराम मंडळी. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, खाली सतरंजी आहे, माय-बहिणींना आवाज येतोय ना? अध्यक्षांच्या परवानगीने बोलतो. आज आपल्याकडे पंचायत समितीतून अमुक साहेब आलेत. आपल्या तालुक्यातल्या घरकुलांचं काम हे बघतात, वर्षभरापासून इथेच आहेत. आता हे काय करू शकतात ते नीट ऐका. तुमचं घरकुल मंजूर आहे का, नंबर कितवा, हप्ता का थांबला, फोटो झाला की नाही, हे साहेब सांगू शकतात आणि त्यांच्या टेबलावर अडकलं असेल तर सोडवू शकतात. आणि काय करू शकत नाहीत ते पण ऐका. नवीन नाव आज इथे बसून यादीत घालणं यांच्या हातात नाही, ते सर्वेक्षणातून येतं. बँकेत आधार जोडणं यांच्या हातात नाही, ते बँकेत. घरकुलाला मिळणाऱ्या वाळूचं काम महसूलकडे, म्हणजे तलाठी आणि तहसील, ते यांना विचारू नका. ज्यांना घर मंजूर आहे पण जागाच नाही, त्यांच्यासाठी जागा घ्यायला पैसे मिळायची पंडित दीनदयाळ यांच्या नावाची योजना आहे, त्याचा अर्ज कसा करायचा ते साहेब सांगतील. आपल्या गावात आज 18 घरं मंजूर आहेत, 4 अडकलीत, आपण आज या चारपासून सुरुवात करू. आणि एक शेवटचं, फोटोला, हप्त्याला, यादीत नाव वर घ्यायला कुणालाही एक पैसा द्यायचा नाही, कुणी मागितला तर इथेच ग्रामपंचायतीत येऊन सांगा. साहेब, या."

बस एवढं. यात साहेबांची तारीफ नाही हे मुद्दाम आहे. "कर्तव्यदक्ष, कार्यतत्पर, गोरगरिबांचे कैवारी" असं काही बोललात की लोकांना वाटतं हा माणूस घरकुल वाटणारा आहे, आणि साहेबही अवघडतात. "साहेब आज तुम्हा सगळ्यांची घरकुलं मार्गी लावतील" हे वाक्य तर अजिबात नको, कारण ते वचन साहेबांच्या नावाने तुम्ही दिलेलं असतं आणि सहा महिन्यांनी ते साहेब बदलून गेलेले असतात, गावात तुम्ही राहता. हार-नारळ करायचा असेल तर सभा सुरू व्हायच्या आधी करून घ्या, ओळख झाली की थेट बोलणं सुरू व्हायला हवं, मधे सत्कार घुसला की लोकं उठून पान खायला जातात ती परत येत नाहीत.

बसायची जागा पण बघा. साहेब स्टेजवर खुर्चीत, लोकं दूर सतरंजीवर, मधे टेबल आणि फुलदाणी, असं असलं की म्हातारी माणसं बोलत नाहीत. शक्य असेल तर साहेबांची खुर्ची स्टेजच्या खाली, पहिल्या रांगेच्या समोर ठेवा. माईक एकच असेल तर तो प्रश्न विचारणाऱ्याकडे जायला हवा, म्हणून वायर लांब घ्या किंवा एक पोरगा माईक घेऊन फिरायला ठेवा. यादीची झेरॉक्स भिंतीवर लावा, मोठ्या अक्षरात, कारण निम्मी माणसं सभेपेक्षा ती यादी बघायला आलेली असतात आणि ती दिसली की त्यांचं लक्ष बोलण्याकडे येतं.

एक प्रसंग हमखास येतो त्याचीही तयारी ठेवा. कुणीतरी उठतो आणि जोरात म्हणतो, "अमक्याचं पक्कं घर असताना त्याला मंजूर, आणि मी पत्र्यात राहतो तर माझं नाव नाही." तो खोटं बोलत नसतो. त्या वेळी साहेबांकडे बघू नका, आधी तुम्ही बोला, "दादा, तुमचं म्हणणं दोन भागांचं आहे. तुमचं नाव का नाही हे साहेब बघतील, दुसऱ्याला मिळालं ते बरोबर की चूक यासाठी ग्रामसभेत रीतसर आक्षेप घेता येतो, तो लेखी द्या, आजच्या इतिवृत्तात येईल." दुसऱ्याचं नाव काढायचं तर त्याला ग्रामसभेचा ठराव आणि पडताळणी लागते, साहेबांनी एका फटक्यात खोडायची गोष्ट नाही, हे लोकांना बहुतेक माहीत नसतं. हे सांगितलं की माणूस खाली बसतो, कारण त्याला काय करायचं ते कळलेलं असतं. उत्तर न देता नुसतं "शांत बसा" म्हणालात तर तो पाच जणांना घेऊन परत उठतो.

साहेब उशिरा आले तर काय, हे पण ठरवून ठेवा, कारण एका दिवसात त्यांच्या दोन-तीन गावांच्या सभा असू शकतात. विषय मागे-पुढे करायला अध्यक्षांची परवानगी आधीच घेऊन ठेवा, पाणी-रस्त्याचे विषय पुढे घ्या. साहेब आले की चालू विषय तोडू नका, तो संपवा, मग ओळख. आणि लगेच निघायचं म्हणाले तर ओळख एका मिनिटात आणा आणि आधी काढलेले ते चार अडकलेले विषय सरळ त्यांच्यासमोर ठेवा, बाकी प्रश्न लेखी द्या.

सभा संपताना शेवटचं काम, साहेबांनी जे जे "करतो" म्हटलं ते भाऊसाहेबांनी रजिस्टरात लिहिलं का ते बघा. "घरकुलाबाबत सविस्तर चर्चा झाली" एवढंच लिहिलेलं असेल तर ते बदलून घ्या. "चौथ्या लाभार्थ्याच्या जोत्याचा फोटो अमुक तारखेपर्यंत अपलोड करून घेणार, असे विस्तार अधिकारी यांनी सांगितले" असं नाव-तारखेसह लिहून घ्या, साहेब असतानाच मोठ्याने वाचून दाखवा, आणि त्यानंतरच सह्या. मग त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी त्या लाभार्थ्याला फोन करून विचारा की फोटो झाला का. नाही झाला असेल तर रजिस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स घेऊन पंचायत समितीत जा, साहेबांनी सांगितलेल्या वारी, त्याच टेबलावर.